एका अलर्टची उलटतपासणी

‘तुम्ही स्वतः तपासलेला एखादा अलर्ट सांगा.’ सायबर सुरक्षा विश्लेषकाच्या मुलाखतीत हा प्रश्न साधारण मध्यावर येतो, आणि माझ्या अनुभवात बहुतेकांचा निकाल तिथेच लागतो. त्याआधीच्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून येता येतात, याचं येत नाही. समोरचा उमेदवार एखाद्या घटनेच्या मागे शेवटपर्यंत गेला आहे की नुसतं टिकीट बंद करून मोकळा झाला आहे, हे पाच मिनिटांत कळतं.

आधी हे काम काय असतं ते सांगतो. पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांत अनेक कंपन्यांची सुरक्षा केंद्रं आहेत. तिथे चोवीस तास पाळ्या चालतात. कंपनीच्या फायरवॉलची, ईमेलची, सर्व्हरची आणि प्रत्येक संगणकाची नोंद, म्हणजे लॉग, एका ठिकाणी गोळा होते. ती गोळा करणाऱ्या प्रणालीला सीम म्हणतात. सीममध्ये नियम लिहिलेले असतात. उदाहरणार्थ, एकाच खात्यावर दहा मिनिटांत ठरावीक संख्येपेक्षा जास्त वेळा पासवर्ड चुकला तर कळव. नियम जुळला की अलर्ट उठतो आणि पहिल्या पातळीवरच्या विश्लेषकापुढे येतो. त्याला थोड्या वेळात ठरवायचं असतं: यात काही नाही, यात काहीतरी आहे, की हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे आणि वर पाठवलं पाहिजे.

मुलाखतीची सुरुवात नेटवर्कच्या प्राथमिक गोष्टींनी होते. पोर्ट क्रमांक विचारले तर बहुतेकांना येतात: 22, 53, 443, 445, 3389. म्हणून मी ते सुटे विचारत नाही. मी एक नोंद पुढे ठेवतो. बाहेरच्या एका पत्त्यावरून आमच्या सर्व्हरच्या 3389 पोर्टकडे जोडणी आली आणि फायरवॉलने त्यापुढे ‘अलाउड’ लिहिलं आहे. 3389 हे दुरून संगणकाचा पडदा उघडण्याचं पोर्ट. मग हल्लेखोर आत शिरला का?

पुष्कळ जण लगेच ‘हो’ म्हणतात. पण ‘अलाउड’चा अर्थ फायरवॉलने पाकीट पुढे जाऊ दिलं, एवढाच. टीसीपी जोडणी तीन पावलांत बांधली जाते. येणारा ‘सिन’ पाठवतो, सर्व्हर ‘सिन-अ‍ॅक’ने उत्तर देतो, येणारा ‘अ‍ॅक’ने ते पक्कं करतो. सर्व्हरवर ती सेवा चालूच नसेल तर उत्तरात ‘रीसेट’ येतं. मध्येच कुणी पाकीट गिळलं तर काहीच येत नाही. म्हणून आधी बघायचं की सर्व्हरकडून परत किती डेटा गेला. गेला असेल तर जोडणी झाली. पण जोडणी झाली म्हणजे लॉगिन झालं असंही नाही. त्यासाठी त्या सर्व्हरच्या विंडोजच्या नोंदी उघडाव्या लागतात. तिथे 4624 ही नोंद असेल तर लॉगिन यशस्वी, 4625 असेल तर अयशस्वी. या तीन पायऱ्या ज्याला ओळीने सांगता येतात, त्याने नेटवर्कचं पुस्तक कामासाठी वाचलं आहे, असं मी धरतो.

आता मूळ प्रश्नाकडे. एका मुलाखतीत एका मुलीने सांगितलेला अलर्ट मला फार आवडला. तो तिच्या परवानगीने इथे मांडतो. पत्ते, वेळा आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. तिनेही सुरुवातीलाच सांगितलं होतं, ‘सर, ग्राहकाचं नाव मी सांगणार नाही, एक उत्पादन कंपनी आहे एवढंच धरा.’ हे तिचं पहिलं बरोबर उत्तर होतं. जुन्या मालकाच्या ग्राहकाचं नाव आमच्यापुढे उघड करणारा उद्या आमच्याही ग्राहकाचं करील.

सोमवारची सकाळ. अलर्ट असा होता की खरेदी विभागातल्या एका कर्मचाऱ्याच्या खात्यावर दहा मिनिटांत चाळीस वेळा लॉगिन फसलं आणि त्याच काळात एकदा यशस्वी झालं. असा क्रम दिसला की कोणाच्याही पोटात गोळा येतो. पासवर्ड लावत-लावत शेवटी सापडला, असाच त्याचा सरळ अर्थ निघतो. फसलेल्या नोंदींपैकी एक थोडक्यात अशी होती:

```
Event ID: 4625
Logon Type: 3
Status: 0xC000006D
Sub Status: 0xC000006A
Source Network Address: 10.20.4.57
```

तिने प्रत्येक ओळीवर बोट ठेवून सांगितलं. ‘लॉगॉन टाइप 3’ म्हणजे कुणी कीबोर्डपुढे बसून नव्हे, तर नेटवर्कवरून, म्हणजे बहुधा सामायिक फोल्डर उघडायला आलेली विनंती. शेवटी 6A म्हणजे खातं अस्तित्वात आहे, पासवर्ड चुकीचा आहे. तिथे 64 असतं तर त्या नावाचं खातंच नाही असा अर्थ झाला असता, आणि कुणीतरी अंदाजाने नावं लावून बघत आहे असं म्हणावं लागलं असतं. पत्ता 10 ने सुरू होतो, म्हणजे कार्यालयाच्या आतला. सगळे प्रयत्न एकाच खात्यावर होते. एकच पासवर्ड अनेक खात्यांवर फिरवण्याचा जो हल्ल्याचा प्रकार असतो, तो हा नव्हता.

इथे मी पहिला अडथळा टाकला. ‘10.20.4.57 म्हणजे कोण?’

आयपी पत्ता हा माणूस नसतो, संगणकही नसतो. कार्यालयात डीएचसीपी सर्व्हर संगणकांना पत्ते ठरावीक मुदतीसाठी वाटतो. लॉजमधल्या खोलीचा क्रमांक तोच राहतो आणि पाहुणा बदलतो, तसं हे आहे. म्हणून आत्ता त्या पत्त्यावर कोण आहे हे बघून उपयोग नाही, त्या क्षणी कोण होतं हे बघावं लागतं. सीममध्ये अलर्टची वेळ 03:42 दिसत होती. ती वेळ यूटीसीमधली. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे सकाळचे 09:12. डीएचसीपीची नोंद मात्र भारतीय वेळेत लिहिली जात होती. हा फरक लक्षात न घेणारा पहाटे 03:42 ला तो पत्ता कोणाकडे होता हे शोधत बसतो आणि भलत्याच संगणकाला धरतो. आम्ही मुलाखतीत हा सापळा मुद्दाम ठेवतो. तिने तो आपणहून सांगितला. 09:12 ला तो पत्ता लेखा विभागातल्या एका जुन्या डेस्कटॉपकडे होता.

मग ती त्या एका यशस्वी लॉगिनकडे वळली, आणि इथे सगळ्या गोष्टीने वळण घेतलं. ती 4624 ची नोंद 10.20.4.57 वरून आलेलीच नव्हती. ती त्या कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवरून आली होती. नियम फक्त खात्याचं नाव जुळवत होता, कुठून आलं ते बघत नव्हता. म्हणजे चाळीस अपयशं एका यंत्राची आणि यश दुसऱ्याच यंत्राचं. नियमाने दोन्ही एका माळेत ओवली होती. अलर्टचं शीर्षक वाचून टिकीट वर ढकलणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.

पण त्यामुळे धोका संपला असं होत नाही. लेखा विभागातला डेस्कटॉप खरेदी विभागातल्या माणसाच्या खात्यावर चाळीस वेळा का ठोठावत होता? तिने नोंदींच्या वेळा एकाखाली एक लावल्या. दर प्रयत्नात जवळपास पंधरा सेकंदांचं अंतर होतं. माणूस पासवर्ड टाइप करताना असा ताल धरत नाही. हे यंत्राचं काम. पण हल्ल्याचं साधनही यंत्रच असतं, तेव्हा नुसत्या तालावरून काही ठरत नाही.

पुढचा धागा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. त्या कंपनीत थोड्या चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं बंद पडण्याचा नियम होता. मग चाळीस प्रयत्नांनंतरही खातं चालू कसं राहिलं? अनेक उमेदवार इथे अडखळतात किंवा नियम नीट लावलेला नसेल म्हणून सोडून देतात. खरं कारण असं की कंपनीच्या विंडोज डोमेनमध्ये पासवर्डचा इतिहास साठवलेला असतो. टाकलेला चुकीचा पासवर्ड त्या खात्याच्या इतिहासातल्या शेवटच्या दोन पासवर्डांपैकी एक निघाला, तर लॉगिन नाकारलं जातं, पण तो प्रयत्न चुकांच्या मोजणीत धरला जात नाही. वापरकर्त्याने पासवर्ड बदलला आणि एखादं उपकरण जुनाच पाठवत राहिलं तर खातं उगाच बंद पडू नये, यासाठी ही सोय आहे. म्हणजे खातं बंद न पडणं हाच पुरावा होता की येणारा पासवर्ड बहुधा जुना आहे. चुकलेला पासवर्ड नोंदीत कधीच लिहिला जात नाही. त्यामुळे असं आडूनच कळून घ्यावं लागतं.

तिने डोमेन कंट्रोलरवर 4723 ही नोंद शोधली. वापरकर्त्याने स्वतः पासवर्ड बदलायचा प्रयत्न केला की ती उमटते. ती 08:56 ला सापडली. पहिलं अपयश 09:02 चं. मधल्या सहा मिनिटांत काहीच का नाही, हे मी विचारलं. तिने त्या डेस्कटॉपच्या सुरू होण्याची वेळ बघितली होती. लेखा विभागातल्या कर्मचाऱ्याने तो नऊ वाजता येऊन सुरू केला होता.

माझ्या सहकाऱ्याने मग खरा पेच टाकला. ‘जुना पासवर्ड एखाद्या हल्लेखोराकडेही असू शकतो. आधीच चोरलेला असेल आणि तो वापरत बसला असेल. तुमच्या आतापर्यंतच्या पुराव्यात हे कुठे खोडलं गेलं?’

ती म्हणाली, ‘नाही खोडलं, सर. म्हणून मी तिथे थांबले नाही.’ मला हे उत्तर दहा हुशार उत्तरांपेक्षा मोलाचं वाटतं. तिने मागच्या महिनाभराच्या नोंदी काढल्या. त्याच डेस्कटॉपवरून त्याच खात्याने त्याच सर्व्हरवर कामाच्या प्रत्येक दिवशी सकाळी यशस्वी लॉगिन होत होतं; म्हणजे हे नवं नव्हतं. मग संगणकावर बसवलेल्या ईडीआर या निगराणीच्या साधनातून तिने पाहिलं की जोडणी कोणता प्रोग्रॅम करतो आहे. टास्क शेड्युलरमधून चालणारी एक छोटी बॅच फाइल टॅलीच्या डेटाचा बॅकअप सर्व्हरवर टाकत होती आणि जमलं नाही की पंधरा सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करत होती. फाइल जुनी होती, अलीकडे बदललेली नव्हती. शेवटी तिने कंपनीच्या यादीतला क्रमांक घेऊन कर्मचाऱ्याला फोन केला. ईमेल केला नाही, कारण खातं खरंच दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर उत्तर तोच देईल. कर्मचाऱ्याने सांगितलं की पासवर्ड सकाळी आपणच बदलला, आणि पूर्वी लेखा विभागात असताना त्या संगणकावर बॅकअपची सोय आपणच लावून दिली होती. त्यात त्याचा पासवर्ड जतन झालेला होता.

टिकीट बंद करताना तिने ‘हल्ला नाही’ एवढंच लिहिलं नाही. माणसाच्या खात्याचा पासवर्ड दुसऱ्या विभागाच्या सामायिक संगणकावर पडून आहे, हा धोका म्हणून नोंदवला. बॅकअपसाठी फक्त त्या एका फोल्डरपुरतं वेगळं खातं काढावं, असं सुचवलं. आणि अपयश व यश एकाच पत्त्यावरून आलं असेल तेव्हा या नियमाची तातडी वाढावी, अशीही शिफारस केली. यात कोणी हल्लेखोर नव्हता, तरी मी याला उत्तम तपास म्हणतो. उमेदवारांना वाटतं की मुलाखतीत मोठ्या हल्ल्याची गोष्ट सांगितली पाहिजे. मग ऐकीव रॅन्समवेअरची कथा स्वतःची म्हणून सांगतात आणि तिसऱ्या उपप्रश्नाला अडकतात.

रॅन्समवेअरचा प्रश्न आम्ही वेगळा विचारतोच, प्रसंग म्हणून. रात्रीचे दोन. पाळीवर तुम्ही एकटे. ग्राहकाच्या कार्यालयातून फोन येतो: सामायिक ड्राइव्हवरच्या फाइली उघडत नाहीत, त्यांच्या नावांपुढे विचित्र शेपटं लागलं आहे आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी एक मजकूर फाइल आहे. पहिलं काय कराल?

‘फोन करणाऱ्याला संगणक बंद करायला सांगेन’ हे सर्वांत जास्त मिळणारं उत्तर. त्यात दोन अडचणी आहेत. एक, संगणक बंद केला की मेमरीतलं सगळं जातं. चालू प्रोग्रॅम, जोडण्या, कधीकधी कुलूप लावणारी किल्लीसुद्धा. तोडायचं ते नेटवर्क, वीज नव्हे. दुसरी अडचण जास्त मोठी: फोन करणाऱ्याचा संगणक दोषी असेलच असं नाही. त्याने फक्त बिघडलेल्या फाइली पाहिल्या. फाइली सर्व्हरवर आहेत आणि त्या खराब करणारा संगणक तिसराच कुठेतरी असू शकतो, जो अजून काम करतोच आहे. तो शोधण्याचा एक जलद मार्ग म्हणजे पैसे मागणाऱ्या त्या मजकूर फाइलचा मालक कोण दिसतो ते बघणं. ज्या खात्याने ती लिहिली त्याचं नाव सहसा तिथे असतं. दुसरा मार्ग, सर्व्हरवर या घडीला कोणत्या खात्याने, कोणत्या संगणकावरून सर्वांत जास्त फाइली उघडल्या आहेत ते पाहणं. संगणक सापडला की ईडीआरमधून त्याला नेटवर्कपासून तोडायचं आणि खातंही बंद करायचं. दोन्ही लागतं, कारण खातं बंद केलं तरी आधीच उघडलेली जोडणी लगेच तुटते असं नाही.

त्यानंतर बाकीच्या संगणकांवर हेच चालू आहे का, हे बघायचं. ही आज्ञा कुठे चालली का, ते शोधणं उपयोगी पडतं:

```
vssadmin delete shadows /all /quiet
```

विंडोजने जपलेल्या जुन्या प्रती तिने पुसल्या जातात. रॅन्समवेअर कुलूप लावायच्या सुमारास ती वारंवार वापरतं, कामकाजात तिची गरज क्वचितच पडते. आणि बॅकअपचा सर्व्हर त्याच नेटवर्कवर उघडा असेल तर तो आधी वेगळा काढायला सांगायचा.

उमेदवार छान बोलू लागला की आम्ही प्रसंग बदलतो. तो संगणक कारखान्यातलं यंत्र चालवतो, त्यावर ईडीआर नाही, आणि तोडला तर उत्पादन थांबेल. आता? इथे आम्हाला धाडस बघायचं नसतं. पहिल्या पातळीवरच्या विश्लेषकाला तो निर्णय घ्यायचा अधिकारच नसतो. पण ज्याला असतो, त्याला रात्री दोनला उठवायचा अधिकार आणि कर्तव्य दोन्ही असतं. काय दिसलं, किती वेगाने पसरत आहे, थांबलो तर दर मिनिटाला काय जातं, हे तीन वाक्यांत त्याला सांगता आलं पाहिजे. तोवर काय-काय केलं ते वेळेसह लिहून ठेवायचं. ते लिहिणं पुढे कायद्यालाही लागतं. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार अशा घटनेची माहिती, ती लक्षात आल्यापासून सहा तासांत द्यावी लागते, आणि लॉग 180 दिवस जपून ठेवावे लागतात.

रात्रीचा आणि सुट्टीचा प्रसंग आम्ही उगाच निवडत नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर 2018 मध्ये झालेला हल्ला 11 ऑगस्टला, शनिवारी सुरू झाला. त्या दिवशी जगभरातल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, सोमवारी स्विफ्टमधून रक्कम परदेशी गेली, आणि एकूण नुकसान सुमारे 94 कोटींचं झालं. बँकेच्या खऱ्या प्रणालीऐवजी मध्ये बसवलेली एक बनावट यंत्रणा एटीएमच्या मागण्यांना मंजुरी देत होती. खऱ्या प्रणालीकडे त्या व्यवहारांचा प्रश्न गेलाच नाही.

या कामाच्या मुलाखतीला बसणाऱ्या मुलामुलींना एक सांगणं आहे. नोकरी नसली तरी तपासलेला अलर्ट तुमच्याकडे असू शकतो. घरच्या विंडोज संगणकावर प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ही ओळ चालवा:

```
auditpol /set /subcategory:"Logon" /success:enable /failure:enable
```

मग साइन आउट करून दोनतीनदा चुकीचा पासवर्ड टाका, नंतर बरोबर टाका. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या सिक्युरिटी विभागात 4625 आणि 4624 शोधा. लॉगॉन टाइप काय दिसतो, शेवटचा कोड काय आहे, वेळ कोणत्या प्रमाणात लिहिली आहे, हे बघा. मग अस्तित्वात नसलेल्या नावाने प्रयत्न करा आणि कोड कसा बदलतो ते पाहा. जे दिसलं, जे दिसलं नाही आणि जे सिद्ध करता आलं नाही, ते एका पानावर लिहा आणि मुलाखतीला तेच पान डोक्यात घेऊन या. हे प्रयोग फक्त स्वतःच्या संगणकावर करायचे. दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीशिवाय अप्रामाणिकपणे शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 66 खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.